ऑफरच्या ईमेलला पोच कशी द्यावी: निर्णयाआधी पाठवायचे चार ओळींचे उत्तर

नोकरीची ऑफर ईमेलने आली आणि त्याच दिवशी होकार किंवा नकार देणे शक्य नसले, तर उमेदवार सहसा गप्प बसतो. दोन दिवसांत सगळे ठरेल, मग एकदाच सविस्तर लिहू, असा त्याचा विचार असतो. पलीकडे मनुष्यबळ विभागातल्या माणसाला मात्र ईमेल पोहोचला की नाही, उमेदवार विचार करतो आहे की त्याने दुसरीकडे होकार दिला आहे, यांपैकी काहीच कळत नाही. त्याच्याकडे त्याच जागेसाठी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार थांबलेला असतो आणि त्याला किती दिवस थांबवून ठेवायचे हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. या प्रश्नाला उत्तर देणारा छोटा ईमेल, म्हणजे ऑफर मिळाल्याची पोच आणि पक्का निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळवू याचे आश्वासन, कसा लिहावा हे येथे पायरीपायरीने सांगितले आहे. पहिली नोकरी शोधणाऱ्यांना आणि पहिल्यांदा नोकरी बदलणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

पोच देण्याआधी ऑफर लेटर वाचा

ईमेलचा मजकूर आणि त्यासोबत जोडलेले पत्र या दोन्ही गोष्टी पूर्ण वाचाव्यात, कारण पोच लिहायला लागणारी माहिती बहुतेक वेळा जोडपत्राच्या शेवटच्या पानावर असते. त्यात तीन गोष्टी शोधायच्या असतात. पहिली म्हणजे ऑफर कोणत्या तारखेपर्यंत खुली आहे, दुसरी म्हणजे रुजू होण्याची तारीख आणि तिसरी म्हणजे स्वीकृती कोणत्या पद्धतीने द्यायची आहे. काही ठिकाणी सही केलेली प्रत परत पाठवायची असते, काही ठिकाणी कंपनीच्या पोर्टलवर बटण दाबायचे असते, तर काही ठिकाणी ईमेलने होकार कळवला तरी पुरते.

ईमेल खरा आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. मुलाखत ज्या संस्थेत झाली तिच्याच डोमेनवरून तो आला आहे का आणि पत्रात नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली अनामत रक्कम मागितली आहे का, एवढे तपासले तरी बहुतेक बनावट ऑफर उघड्या पडतात. पैसे मागणाऱ्या ऑफरला पोच देण्याची गरज नाही.

तारीख उलटीकडून मोजा

पोच लिहिण्यातले खरे काम तारीख ठरवण्याचे आहे, आणि नवखे लोक नेमके तेच घाईत उरकतात. ‘दोन-तीन दिवसांत कळवतो’ किंवा ‘लवकरच कळवीन’ असे लिहिले की वाचणारा त्याचा सोयीचा अर्थ लावतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो. ‘पुढच्या आठवड्यात’ या शब्दांत सोमवारही बसतो आणि शनिवारही. म्हणून वार, तारीख आणि वेळ या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. वार लिहिल्याचा एक जास्तीचा फायदा असा की तारीख लिहिताना चूक झाली, तर वार आणि तारीख जुळत नाहीत आणि चूक पाठवण्याआधीच दिसते.

तारीख कशी निघते हे एका उदाहरणावरून पाहू. नाशिकमध्ये एका फर्ममध्ये काम करणाऱ्या एका लेखा सहायक तरुणीला पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेकडून गुरुवार, १२ मार्च २०२६ रोजी संध्याकाळी पावणेसातला ऑफर आली, असे समजा. वार्षिक वेतन ४,८०,००० रुपये, रुजू होण्याची तारीख सोमवार, २० एप्रिल, आणि स्वीकृती शुक्रवार, २० मार्चपर्यंत कळवावी, असे पत्रात आहे. शिवाय दोन वर्षे नोकरी सोडता येणार नाही आणि सोडल्यास ठरावीक रक्कम भरावी लागेल, अशीही एक अट आहे.

आता तिला कशाची वाट पाहायची आहे, ते पाहू. दुसऱ्या एका कंपनीतली तिची शेवटची मुलाखत सोमवारी, १६ मार्चला आहे आणि निकाल १७ तारखेला संध्याकाळपर्यंत सांगू, असे तिला कळवले आहे. दोन वर्षांच्या बंधनाची अट तिला ओळखीच्या वकिलांकडून वाचून घ्यायची आहे आणि ते शनिवारी भेटतील. पुण्याला राहायला जाण्याबद्दल घरच्यांशी बोलणे रविवारी होईल. म्हणजे शेवटची माहिती मंगळवारी संध्याकाळी हाती येते. त्यावर एक रात्र विचार करायला ठेवली, तर बुधवार, १८ मार्च, सायंकाळी पाच ही वेळ निघते.

मुदत २० मार्चपर्यंत असताना २० हीच तारीख का लिहू नये, असा प्रश्न येथे पडू शकतो. एक तर १९ मार्चला गुढीपाडव्याची सुट्टी आहे. त्यामुळे २० तारखेला काही शंका निघाली, सहीची प्रत नीट गेली नाही किंवा पोर्टल चालले नाही, तर दुरुस्तीला दिवसच उरत नाही. दुसरे कारण तिच्या सध्याच्या नोकरीत आहे. तिची नोटीस तीस दिवसांची आहे. राजीनामा २० मार्चला दिला तर तीस दिवस १९ एप्रिलला, म्हणजे रविवारी भरतात आणि २० एप्रिलला रुजू होणे जेमतेम जमते. होकार २० तारखेच्या संध्याकाळी दिला आणि राजीनामा पुढच्या सोमवारवर, २३ मार्चवर गेला, तर रुजू होण्याची तारीख हुकते आणि ती वाढवून मागण्याचा नवा व्यवहार सुरू होतो. १८ तारखेला निर्णय झाला तर राजीनामा देण्यासाठी २० तारखेचा पूर्ण दिवस तिच्या हाती राहतो.

थोडक्यात, तारखेची अलीकडची मर्यादा आपल्याला हवी असलेली शेवटची माहिती कधी मिळणार यावरून ठरते, तर पलीकडची मर्यादा ऑफरची मुदत, मधल्या सुट्ट्या आणि नोटीस कालावधी यांच्यावरून. या दोहोंच्या मध्ये जागाच उरत नसेल, तर ती पोचेची बाब राहत नाही. तेव्हा मुदतवाढ मागावी लागते आणि तिचे शब्द वेगळे असतात. ते पुढे येतील.

पत्रात मुदत दिलेलीच नसेल, तर माझ्या मते पाच कामकाजाच्या दिवसांच्या पुढची तारीख कारण न देता लिहू नये. त्याहून अधिक वेळ हवा असेल तर एका वाक्यात कारण सांगावे.

चार ओळींचा मसुदा

पोच शक्यतो त्याच दिवशी आणि ऑफर संध्याकाळी उशिरा आली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवावी. नवा ईमेल सुरू न करता आलेल्या ईमेललाच उत्तर द्यावे आणि विषयाची ओळ बदलू नये, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका साखळीत राहतो. ऑफरच्या ईमेलमध्ये विभागप्रमुख किंवा भरती करणारी मध्यस्थ संस्था यांना प्रत दिलेली असेल तर ‘रिप्लाय ऑल’ करावे. उत्तर आपल्या खासगी पत्त्यावरूनच जावे. सध्याच्या कंपनीच्या ईमेलवरून किंवा तिच्या लॅपटॉपवरून हा पत्रव्यवहार करू नये. भाषा ऑफरचीच ठेवावी, म्हणजे ऑफर इंग्रजीत असेल तर पोचही इंग्रजीत द्यावी. मजकुराचा क्रम मात्र तोच राहतो.

वरच्या उदाहरणातल्या तरुणीने शुक्रवारी सकाळी पाठवायचा ईमेल असा होईल:

> महोदया,
>
> लेखा सहायक या पदाच्या नियुक्तीचा प्रस्ताव देणारा आपला दि. १२ मार्च २०२६ रोजीचा ईमेल आणि त्यासोबतचे पत्र मला मिळाले. या पदासाठी माझी निवड केल्याबद्दल मी आपली व संस्थेची आभारी आहे.
>
> पत्रातील अटी मी वाचत असून माझा निश्चित निर्णय आपणांस बुधवार, दि. १८ मार्च २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत याच ईमेलवर कळवीन.
>
> तोपर्यंत माझ्याकडून काही माहिती हवी असल्यास खालील भ्रमणध्वनी क्रमांकावर संपर्क साधावा, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,

खाली पूर्ण नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक. पदाचे नाव आणि ऑफरच्या ईमेलची तारीख लिहिणे आवश्यक आहे, कारण भरती करणाऱ्याकडे एकाच वेळी अनेक पदांचा पत्रव्यवहार चालू असतो. आभार एका वाक्यात मानावेत. मजकूर यापेक्षा लांबू लागला की त्यात न लिहायच्या गोष्टी शिरू लागतात, असा माझा अनुभव आहे.

काय लिहू नये आणि का

पोचेत होकार डोकावता कामा नये. ‘आपल्या संस्थेत रुजू होण्यास मी अत्यंत उत्सुक आहे’, ‘ऑफर मिळाली, खूप आनंद झाला, बाकीचे बुधवारी कळवते’ अशी वाक्ये लिहिणाऱ्याला केवळ सौजन्याची वाटतात. वाचणारा मात्र त्यांतून होकार वाचतो आणि कामाला लागतो. तो दुसऱ्या उमेदवाराला नकार कळवतो, पूर्वीच्या नोकरीची पडताळणी सुरू करतो आणि क्वचित तीच चौकशी उमेदवाराच्या सध्याच्या कार्यालयापर्यंत पोहोचते. पुढे नकार द्यायची वेळ आली की संबंध विनाकारण बिघडतात.

यामागे कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती माहीत असली की शब्द निवडणे सोपे जाते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि विनाअट असावी लागते, आणि प्रस्ताव देणाऱ्याने स्वीकृतीची पद्धत ठरवून दिली असेल तर ती त्या पद्धतीने द्यावी लागते. ‘बुधवारी निर्णय कळवीन’ हे वाक्य स्वीकृती ठरत नाही. त्यामुळे पोच दिल्याने आपण बांधले जात नाही. पण त्याच न्यायाने समोरचाही बांधला जात नाही. कलम ५ प्रमाणे स्वीकृती कळवली जाईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, आणि पत्रात मुदत लिहिली आहे एवढ्यावरून संस्थेला तोपर्यंत थांबणे बंधनकारक होते असे नाही. कलम ६ नुसार ठरवून दिलेली मुदत उलटली की प्रस्ताव संपतो आणि मुदतच दिलेली नसेल तर तो वाजवी कालावधीनंतर संपतो. म्हणून पोच पाठवली की जागा राखून ठेवली गेली, असे समजू नये आणि होकार प्रत्यक्ष कळवण्याआधी सध्याच्या नोकरीचा राजीनामा तर मुळीच देऊ नये.

दुसरी गोष्ट, पोचेत पगाराची घासाघीस करू नये. ‘वेतन पाच लाख चाळीस हजार केल्यास मी येईन’ असे लिहिले की तो उलट प्रस्ताव होतो आणि उलट प्रस्तावाने मूळ प्रस्ताव संपुष्टात येतो, हे तत्त्व जुने आहे. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या इंग्लंडमधल्या खटल्यात एका शेतमळ्याची किंमत १,००० पौंड सांगितली असताना खरेदीदाराने ९५० देऊ केले. ते नाकारले गेल्यावर त्याने १,००० ला होकार दिला, पण तोपर्यंत मूळ प्रस्ताव उरलाच नव्हता. नोकरीच्या व्यवहारात कोणी लगेच हा खटला पुढे करणार नाही हे खरे, पण ज्याला आधीच दुसरा उमेदवार बरा वाटू लागला आहे अशा माणसाच्या हाती आपण आयतेच कारण देतो. निव्वळ चौकशीची गोष्ट वेगळी आहे. ‘वार्षिक ४,८०,००० रुपयांत भविष्य निर्वाह निधीतील संस्थेचा वाटा धरला आहे का?’ हा प्रश्न उलट प्रस्ताव ठरत नाही आणि निर्णयासाठी त्याचे उत्तर हवे असेल तर तो जरूर विचारावा. माझा सल्ला असा की पोच आधी एकटी जाऊ द्यावी आणि असे प्रश्न त्याच साखळीत दुसऱ्या ईमेलने, एकत्र करून विचारावेत, म्हणजे प्रश्नांच्या गर्दीत तारीख हरवत नाही.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या मुलाखतीचा उल्लेख करू नये. विचारलेच तर खोटे बोलू नये, पण आपण होऊन सांगण्याचीही गरज नसते. ‘पत्रातील अटी वाचत आहे’ एवढे कारण पुरेसे आहे आणि ते खरेही आहे.

पोर्टल आणि `noreply`

मोठ्या संस्थांत ऑफर पोर्टलवरून येते आणि पडद्यावर `Accept` आणि `Decline` अशी दोनच बटणे दिसतात. पोच देण्यासाठी यांपैकी कोणतेही बटण दाबायचे नसते. ई-सहीसाठी पत्र आले असेल तर ते उघडून वाचल्याने सही होत नाही, पण शेवटचे बटण दाबले की होते, म्हणून वाचण्यासाठी प्रत उतरवून घ्यावी आणि ते पान बंद करावे. ईमेलचा पत्ता `noreply` ने सुरू होत असेल, तर त्यावर दिलेले उत्तर बहुधा कोणी वाचत नाही. अशा वेळी मुलाखत ठरवताना ज्यांच्याशी ईमेलने बोलणे झाले होते त्यांना पोच पाठवावी आणि मसुद्यातल्या पहिल्या वाक्यात ऑफर पोर्टलवरून मिळाल्याचे लिहावे. पोर्टलवरची लिंक कोणत्या वेळी बंद होते तेही पाहून ठेवावे, कारण ती वेळ पत्रातल्या मुदतीपेक्षा अलीकडची असू शकते.

मुदत पुरत नसेल तर

वरच्या तरुणीच्या दुसऱ्या कंपनीचा निकाल १७ ऐवजी २३ मार्चला लागणार असता, तर ‘२४ मार्चपर्यंत कळवीन’ असे तिने नुसते जाहीर करून चालले नसते, कारण मुदत २० तारखेची आहे. मुदतीच्या आतली तारीख आपण सांगू शकतो, मुदतीबाहेरची मात्र मागावी लागते. तेव्हा मसुद्यातल्या तारखेच्या वाक्याच्या जागी असे लिहावे: ‘पत्रात नमूद केलेली मुदत २० मार्च आहे. मला निर्णयासाठी मंगळवार, दि. २४ मार्च २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत वेळ मिळावा, ही विनंती. हे शक्य आहे किंवा कसे ते कृपया कळवावे.’ या विनंतीला उत्तर आले नाही तर मुदत वाढली असे धरू नये. जुनी मुदत तशीच आहे असे समजून १८ तारखेला फोन करून विचारावे आणि फोनवर जे ठरेल ते एका ओळीच्या ईमेलने लिहून पाठवावे. त्याच वेळी रुजू होण्याच्या तारखेचा विषयही काढावा लागेल, कारण नोटिशीचा हिशेब पुढे सरकलेला असतो.

पोच पाठवल्यानंतर

बहुतेक वेळा ‘ठीक आहे, आपल्या उत्तराची वाट पाहतो’ एवढेच उत्तर येते किंवा काहीच येत नाही. तारीख मुदतीच्या आतली असेल तर दुसऱ्यात काळजीचे कारण नाही. मात्र उत्तरात अभिनंदन केलेले असेल, रुजू होतानाच्या कागदपत्रांची यादी मागितली असेल किंवा राजीनामा मंजूर झाल्याची प्रत कधी मिळेल असे विचारले असेल, तर आपल्या पोचेतून होकार वाचला गेला आहे. तेव्हा त्याच दिवशी लिहावे: ‘माझा कालचा ईमेल केवळ आपले पत्र मिळाल्याची पोच देण्यासाठी होता. प्रस्तावाबाबतचा निर्णय मी १८ मार्च रोजी कळवणार आहे.’ संकोचाने गप्प राहिलो की प्रत्येक दिवसागणिक हे वाक्य लिहिणे अवघड होत जाते.

कधी उलट उत्तर येते, ‘आम्हांला सोमवारीच निर्णय हवा आहे’. पत्रात २० तारीख असतानाही असे होते. अशा वेळी पत्रातली मुदत नम्रपणे दाखवून द्यावी आणि १८ तारीख शक्य आहे का असे विचारावे. तरीही नकार आला तर हाती असलेल्या माहितीवर सोमवारी निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्या कंपनीला ‘माझ्याकडे एक ऑफर आहे, निकाल लवकर कळू शकेल का’ असे विचारण्याची योग्य वेळ हीच असते. फोनवर घाई केली जाते तेव्हा ‘हो, येतेच’ असे तोंडून निसटते. त्यामुळे फोन आला तर ‘ईमेलमध्ये लिहिल्याप्रमाणे बुधवारी पाचपर्यंत लेखी कळवते’ हेच वाक्य पुन्हा म्हणावे.

दिलेली तारीख पाळता येणार नाही असे दिसले, तर ती उलटण्याआधी, शक्य तर आदल्या दिवशी, लिहावे. त्यात नवी तारीख आणि एका वाक्यातले कारण असावे, आणि ती नवी तारीखही ऑफरच्या मुदतीच्या आतच असावी. असे एकदाच करता येते. दुसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली की समोरचा तो नकार समजून पुढच्या उमेदवाराला फोन लावतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

बुधवारी निर्णय कळवताना पोचेच्याच साखळीत उत्तर द्यावे. होकार असेल तर पदाचे नाव, वेतन आणि रुजू होण्याची तारीख पत्राप्रमाणे लिहून, पत्रात सांगितलेल्या पद्धतीने सहीची प्रत जोडावी. नकार असेल तर दोन वाक्ये पुरेत, पण तीही पाचच्या आत जावीत.